चाळिशीचा नंबर पन्नाशीत का वाढत जातो आणि साठीला का थांबतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणे हे माझे रोजचे काम. पन्नाशीतली माणसे खुर्चीत बसल्यावर जे प्रश्न विचारतात, त्यांतले बरेचसे एकाच काळजीभोवती फिरतात: ‘नंबर असाच वाढत राहिला तर शेवटी काय होणार?’ त्या प्रश्नांची उत्तरे इथे सविस्तर देत आहे.

चिठ्ठीवर ‘ॲड’ लिहिलेले असते, ते नेमके काय?

दूरचे स्पष्ट दिसण्यासाठी जो नंबर लागतो, त्यात जवळचे वाचण्यासाठी आणखी जी ताकद मिळवावी लागते ती ॲड. ती दूरच्या नंबरापासून वेगळी ओळखायला हवी, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. समजा दूरचा नंबर +१.०० आहे आणि ॲड +२.५० आहे. मग वाचायच्या काचेत +३.५० भरते. हे गृहस्थ घरी जाऊन सांगतात, ‘माझा नंबर साडेतीन झाला.’ शेजाऱ्यांचा दूरचा नंबर शून्य असतो, ॲड तीच +२.५० असते आणि ते म्हणतात, ‘माझा अडीचच आहे.’ दोघांच्या डोळ्यांचे वय सारखेच झालेले असते. फरक फक्त दूरच्या नंबराचा.

या पानावर ‘नंबर’ वाढतो किंवा थांबतो असे म्हटले आहे, तिथे ॲडबद्दल बोलतो आहे असे समजा.

ही ॲड मुळात लागते कशामुळे?

डोळ्यातले भिंग तरुणपणी मऊ असते. दूर पाहताना ते चपटे राहते. जवळ पाहायचे झाले की त्याच्याभोवतीचा सिलिअरी स्नायू आकसतो, भिंगाला ताणून धरणारे धागे सैल पडतात आणि भिंग फुगते. फुगले की त्याची ताकद वाढते आणि जवळचे अक्षर स्पष्ट होते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये हे मांडले आणि मुख्य गोष्ट आजही तीच मानली जाते. शाळेच्या विज्ञानात याला आपण समायोजन शक्ती म्हणून शिकलो.

भिंग जन्मभर वाढत राहते. नवे थर बाहेरून चढतात आणि जुने आत दाबले जातात. आतला गाभा हळूहळू घट्ट होतो. स्नायू साठीतही आकसतो, हे एमआरआयमध्ये दिसलेले आहे. धागेही सैल पडतात, पण घट्ट झालेले भिंग पूर्वीसारखे फुगत नाही. म्हणून चाळिशीत कमी पडू लागलेली ताकद काचेतून द्यावी लागते.

मग ती दर तीन-चार वर्षांनी का वाढते? एकदम का नाही, दर महिन्याला का नाही?

भिंग रोज थोडे थोडे घट्ट होत असते, त्यात टप्पे नसतात. टप्पे चष्म्यात असतात. काचेची ताकद डायॉप्टर या एककात मोजतात. काचा पाव-पाव डायॉप्टरच्या फरकाने मिळतात आणि पावाहून कमी फरक वाचणाऱ्याला सहसा जाणवतही नाही.

आता वेग पाहू. समायोजन शक्तीसाठी हॉफस्टेटर यांनी १९५० मध्ये दिलेली सोपी सूत्रे आम्ही अजून वापरतो. त्यांतले एक असे: १५ मधून वयाचा चौथा भाग वजा करा, म्हणजे त्या वयाला निदान किती शक्ती असावी ते डायॉप्टरमध्ये मिळते. चाळिसाव्या वर्षी ५, पन्नासाव्या वर्षी २.५ आणि साठाव्या वर्षी शून्य. म्हणजे दर वर्षी पाव डायॉप्टर जाते.

पण ॲड दर वर्षी पावाने वाढत नाही, कारण ॲड देताना डोळ्याची सगळी शक्ती कामाला लावायची नसते. शक्तीतली निम्मी वापरायची आणि निम्मी राखून ठेवायची, असा व्यवहार आहे. सगळी लावली तर दहा मिनिटांत कपाळ दुखते. शक्ती वर्षाला पावाने घटली, तर वापरायची निम्मी शक्ती वर्षाला आठव्या भागाने घटते. आठवा भाग चार वर्षे साठला की अर्धा डायॉप्टर होतो आणि तेव्हा पेपर पुन्हा लांब धरावा लागतो. ‘दर दोन-चार वर्षांनी’ हा अनुभव इथूनच येतो. कोणी पावाच्या फरकालाच येते, कोणी अर्ध्यावर गेल्यावर.

एखाद्या खऱ्या माणसाच्या आकड्यांवरून सांगाल का?

एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे वर्षानुवर्षे येतात. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या एका वहीत चिकटवून ठेवल्या आहेत, म्हणून हे सांगता येते. दूरचा नंबर जवळजवळ शून्य. वाचताना पुस्तक ४० सेंटिमीटरवर. इतक्या अंतरासाठी लागणारी ताकद १०० भागिले ४०, म्हणजे २.५० डायॉप्टर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

कार्ड डोळ्यांजवळ आणत शक्ती मोजली की आकडा थोडा फुगून येतो. किंचित अस्पष्ट अक्षरही आपण ओळखतो, म्हणून. तो साधारण अर्ध्या डायॉप्टरचा फुगवटा वजा करून त्यांची शक्ती देतो आहे.

पंचेचाळिसाव्या वर्षी शक्ती ३.२५ होती. तिची निम्मी १.६२. अडीचमधून ती वजा केली की ०.८८ उरते, चिठ्ठीवर +१.०० लिहिले.

एकोणपन्नासाव्या वर्षी शक्ती २.२५. निम्मी १.१२, उरले १.३८. त्यांना +१.५० बरे वाटले.

त्रेपन्नाव्या वर्षी शक्ती १.२५. निम्मी ०.६२, उरले १.८८. दिले +२.००.

सत्तावन्नाव्या वर्षी शक्ती जेमतेम ०.२५. निम्मी म्हणजे नावापुरती, उरले २.३८. +२.२५ आणि +२.५० दोन्ही लावून पाहिले, त्यांनी +२.२५ निवडला.

एकसष्टाव्या वर्षी शक्ती शून्य. उरले पूर्ण २.५०. चिठ्ठीवर +२.५०.

सहासष्टाव्या वर्षी पुन्हा तेच, +२.५०.

चार-चार वर्षांच्या अंतराने आधी अर्धा, मग पुन्हा अर्धा, नंतर पाव, पाव आणि मग काहीच नाही. शेवटची चिठ्ठी पाहून त्यांनी मला विचारले होते, ‘नंबर न वाढणे हे चांगले की वाईट?’

हो, तेच विचारायचे होते. साठीला तो थांबतो म्हणजे डोळा सुधारतो का?

सुधारत नाही आणि बिघडतही नाही. गमावण्यासारखे जे होते ते सगळे गमावून झालेले असते.

४० सेंटिमीटरवर वाचायला एकूण २.५० लागतात. तरुणपणी ते सगळे भिंग देते. पन्नाशीत थोडे भिंग देते, थोडी काच. साठीला सगळे काच देते. त्यापुढे काचेने आणखी काय भरून काढायचे? मागणीच अडीचची आहे. सत्तरीत, ऐंशीत भिंग आणखी घट्ट होते, पण फुगणे शून्यावर आल्यानंतर जास्त घट्टपणाने ॲडमध्ये काही भर पडत नाही.

वर्षागणिक होणारी ही घट खरे तर साठीच्या थोडी आधीच, पन्नाशीच्या मध्यावर संपत आलेली असते. उपकरणाने मोजले तर पंचावन्नच्या आसपास बहुतेकांचे भिंग जवळपास स्थिर झालेले आढळते. कार्डावर त्यानंतरही जी थोडी शक्ती मोजली जाते, ती भिंगाची नसून बारीक झालेल्या बाहुलीची असते. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि लहान छिद्रातून स्पष्टतेचा पट्टा थोडा रुंद मिळतो. म्हणून दुपारी गॅलरीत बसून पेपर वाचता येतो आणि संध्याकाळी त्याच चष्म्याने पंचांग वाचता येत नाही. मंद उजेडात बाहुली मोठी होते, ती सवलत कमी होते आणि उजेडही अपुरा पडतो. अशा वेळी दिवा बदलून पाहावा. नंबर वाढवायची गरज बहुधा नसते.

सगळ्यांचा +२.५० वरच थांबतो का?

नाही. तो तुमच्या हातातल्या कामाच्या अंतरावर थांबतो. माझ्याकडे येणारे एक शिंपीकाका काजे करताना कापड ३३ सेंटिमीटरवर धरतात. १०० भागिले ३३ म्हणजे ३, म्हणून त्यांचा +३.०० वर थांबला. सोनारकाम करणाऱ्यांचाही असाच किंवा जास्त असतो. उलट पारायणाला बसणारे एक गृहस्थ पोथी समोर लाकडी स्टँडवर ठेवतात, डोळ्यांपासून सुमारे ५५ सेंटिमीटरवर. त्यांना +२.५० दिला तर मान पुढे काढून बसावे लागते. पारायणासाठी त्यांना +१.७५ चा वेगळा चष्मा करून दिला आणि पाठ दुखायची थांबली.

म्हणून तपासणीला येताना नेहमीचे वाचन घेऊन या आणि घरी जसे धरता तसे धरून दाखवा. आमच्या खोलीतल्या कार्डाची दोरी ४० सेंटिमीटरची असते, तुमचा हात तेवढाच असेल असे नाही.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, म्हणून मी शक्य तितके टाळतो. बरोबर आहे का?

ज्यांनी चष्मा टाळला त्यांचे भिंगही त्याच वेगाने घट्ट होते. फरक जाणवतो तो असा: चष्मा लागल्यावर स्पष्ट अक्षराची सवय होते आणि पूर्वी चालवून घेतलेले अस्पष्ट अक्षर खटकू लागते. त्यात पहिली ॲड नेमकी अशा वयात येते की पुढची दहा वर्षे शक्ती घटतच असते. चष्मा लावला आणि नंबर वाढला, या दोन गोष्टी एकामागोमाग घडतात, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे वाटते.

डोळ्यांचे व्यायाम केले तर?

व्यायाम स्नायूला असतो आणि इथे स्नायू दुबळा झालेलाच नाही. भिंगाचा गाभा मऊ करणारा व्यायाम नाही.

वाढणारच आहे, तर आत्ताच +२.५० देऊन टाका. परत परत खर्च कशाला?

हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो आणि खर्चाची अडचण खरी असते. तरीही मी नाही म्हणतो, त्याचे कारण त्या शिक्षिकांच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आकड्यांतच आहे.

तेव्हा त्यांची स्वतःची शक्ती २.२५ होती. +१.५० च्या काचेतून त्यांना डोळ्यांपासून २७ सेंटिमीटरपासून ६७ सेंटिमीटरपर्यंत सगळे स्पष्ट दिसत होते. हातातली वही, टेबलावरचे हजेरीपत्रक, शेजारच्या मुलाची पाटी, सगळे त्यात बसत होते. त्याच वेळी +२.५० दिला असता, तर हा पट्टा २१ पासून ४० सेंटिमीटरपर्यंतच मिळाला असता. टेबलावरचे हजेरीपत्रक पट्ट्याबाहेर गेले असते. म्हणजे वापरता येण्याजोगी शक्ती डोळ्यात असताना जास्त ॲड देऊन आपण ती वाया घालवतो आणि लांबची बाजू कापून टाकतो.

जास्त ॲड दिल्याची खूण ओळखायला सोपी आहे. अक्षर काळेभोर आणि मोठे दिसते, दुकानात खूप आवडते, पण घरी गेल्यावर पुस्तक नाकाजवळ आणावे लागते. पुस्तक जरा लांब केले की अक्षर विरघळते. असे होत असेल तर चिठ्ठी घेऊन परत जा. कमी ॲडची खूण याच्या उलट: हात लांब केला की बरे दिसते, जवळ आणले की जाते.

खर्च वाचवायचा असेल तर फ्रेम तीच ठेवून फक्त काचा बदला.

ॲड थांबली तरी कॉम्प्युटर आणि ओट्यावरचे नीट दिसत नाही. हे कसे?

हा भाग लोकांना सगळ्यात अनपेक्षित असतो. आकडा स्थिरावतो, पण पट्टा अरुंद होऊन बसलेला असतो.

एकोणपन्नासाव्या वर्षी शिक्षिका बायफोकल वापरत होत्या. वरच्या काचेतून स्वतःची शक्ती लावून त्या मध्यम अंतरावरचेही पाहू शकत होत्या, खालच्या काचेतून वाचन होत होते. अंतरात कुठेच खिंडार नव्हते. एकसष्टाव्या वर्षी शक्ती शून्य. वरच्या काचेतून साधारण दोन मीटरच्या पलीकडचे स्पष्ट, खालच्या काचेतून ३३ ते ५० सेंटिमीटरमधले स्पष्ट. अर्ध्या मीटरपासून दोन मीटरपर्यंतचे सगळे या दोन्हींच्या मध्ये हरवले. कॉम्प्युटरचा पडदा ६५ सेंटिमीटरवर असतो. शेगडीवरचा तवा, समोर बसलेल्या नातवाचा चेहरा, भाजीवाल्याच्या काट्यावरचा आकडा, सगळे त्याच खिंडारात.

माणूस तक्रार करतो, ‘नंबर वाढलाय.’ मी तपासतो, तर ॲड तीच निघते. अशा वेळी +२.७५ किंवा +३.०० केल्याने खिंडार आणखी रुंद होते, हे मुद्दाम सांगतो, कारण तशा चिठ्ठ्या घेऊन लोक येतात. उपाय मधल्या अंतराची काच हा आहे. ६५ सेंटिमीटरला दीड डायॉप्टर लागतो, म्हणून दूरच्या नंबरात साधारण +१.५० मिळवलेला वेगळा चष्मा कॉम्प्युटरवर ठेवून द्यावा. दिवसभर वेगवेगळ्या अंतरांवर काम असेल तर प्रोग्रेसिव्ह काच. तिची ताकद वरून खाली हळूहळू वाढत जाते आणि मधले अंतर मिळते. मात्र ॲड जितकी जास्त, तितकी बाजूंना नजर जास्त डगमगते. म्हणून पहिली प्रोग्रेसिव्ह काच साठीनंतर घेणाऱ्याला सवय व्हायला पन्नाशीत घेणाऱ्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

माझा दूरचा नंबर मायनस आहे आणि चष्मा काढला की पेपर वाचता येतो. मला चाळिशी लागलीच नाही का?

लागली आहे. तुमचा नंबर −२.५० असेल तर उघडा डोळा मुळातच ४० सेंटिमीटरला जुळलेला आहे, म्हणून चष्मा काढणे हीच तुमची ॲड. चष्मा घालून वाचून पाहा, ॲड इतरांइतकीच लागेल.

माझी ॲड पन्नाशीच्या आतच +२.२५ झाली. भिंग लवकर थकले का?

आधी दूरचा नंबर पुन्हा तपासून घ्या. लहानसा प्लस नंबर तरुण डोळा स्वतःच्या शक्तीने झाकून ठेवतो. फळ्यावरचे सगळे वाचता येते, म्हणून चिठ्ठीवर शून्य लिहिले जाते. मग झाकण्यात खर्च होणारी शक्ती वाचनाला कमी पडते आणि तो सगळा तुटवडा ॲडच्या नावावर चढतो. पुढे पन्नाशीत झाकायला शक्ती उरत नाही आणि दूरचा +०.७५ उघडा पडतो. दूरचा नीट लिहिला की तीच ॲड +१.५० वर येते. वयाच्या मानाने ॲड जास्त वाटली की मी हेच पहिले पाहतो.

सहा महिन्यांत जवळचा नंबर दोनदा बदलला. काळजीचे आहे का?

हा वयाचा वेग नाही. वय चार वर्षांत अर्धा डायॉप्टर नेते. याहून वेगाने बदल झाला तर कारण शोधलेच पाहिजे.

सगळ्यात आधी साखर तपासा. मधुमेहात साखर वर-खाली झाली की भिंगातले पाणी कमी-जास्त होते आणि नंबर दोन्ही दिशांना हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नये, तो वाया जातो. ॲलर्जीच्या आणि मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी समायोजन शक्ती तात्पुरती घटते, म्हणून चालू औषधांची यादी सोबत आणा. आणि जवळचा चष्मा वारंवार बदलावा लागणे हे काचबिंदूच्या लक्षणांतही सांगितले जाते. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आणि नसेची तपासणी करून घ्या, फक्त दुकानातून नंबर काढून भागणार नाही.

साठीनंतर ॲड +३.०० च्या पुढे मागावीशी वाटणे, हीही अशीच खूण. नेहमीच्या अंतरावर योग्य ॲड देऊनही अक्षर वाचता येत नसेल, तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार असू शकतो. जास्त ॲड दिली की पुस्तक जवळ येते, अक्षर मोठे दिसते आणि आजार झाकला जातो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ॲड किती लागते?

साधे, एकाच अंतराचे भिंग दूरसाठी बसवले असेल तर ४० सेंटिमीटरला +२.५०, वय काहीही असो. सेहेचाळिसाव्या वर्षी ऑपरेशन झाले तरी तेवढीच, कारण बसवलेले भिंग फुगत नाही. पुढे वयामुळे ती वाढायचा प्रश्न उरत नाही.

आमच्या वडिलांना अडुसष्टाव्या वर्षी अचानक चष्म्याशिवाय पेपर दिसू लागला. नंबर उतरला का?

ॲड उतरत नाही. मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात पिकू लागला की भिंगाची एकूण ताकद वाढते आणि दूरचा नंबर मायनसकडे सरकतो. मग वर सांगितलेल्या मायनसवाल्यांसारखे उघड्या डोळ्यांनी जवळचे वाचता येते. घरात आनंद होतो, पण त्याच वेळी रस्त्यापलीकडच्या बसची पाटी दिसेनाशी झालेली असते. वडिलांना एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, खिडकीतून लांबची पाटी वाचायला सांगा. दोन्ही डोळ्यांत फरक असेल किंवा पूर्वी दिसणारी पाटी आता पुसट असेल, तर या महिन्यातच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.